तेरा वर्षं की तेरा महिने? वनवासाचा हिशेब आणि धर्म

प्रश्न: रामाचा वनवास, पांडवांचा वनवास आणि युद्ध खरंच घडलं का, यावर इतका वाद असताना लोक ‘यातून कर्तव्य शिकायचं’ असं का म्हणतात? घडलं असेल तर इतिहास म्हणून वाचा, नसेल तर गोष्ट म्हणून. मधलं हे तिसरं काय आहे?

हे तिसरं आपण नंतर शोधून काढलेलं नाही, ते ग्रंथातच आहे. महाभारत स्वतःला इतिहास म्हणवतं, पण तो शब्द आजच्या अर्थाने नाही. संस्कृतात इतिहासाची जी व्याख्या सांगतात, तिच्यात ‘पूर्वी घडलेली कथा’ हा एक भाग आहे आणि ‘धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांचा उपदेश’ हा दुसरा. दोन्ही एकाच श्लोकात येतात. म्हणजे घडल्याचा दावाही आहे आणि शिकवण्याचा हेतूही. पण व्याख्येने कोणाचं समाधान होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून वनपर्वातला एकच प्रसंग नीट बघू.

पांडव द्वैतवनात आहेत. वनवास सुरू होऊन जेमतेम वर्ष झालंय. द्रौपदी युधिष्ठिराला बोलते, आणि साधं रागावून नाही. ती प्रल्हाद आणि बळीचा जुना संवाद सांगते: सतत तेज दाखवणं बरं नाही, आणि सतत क्षमा करणंही बरं नाही. मग विचारते, तुम्ही इतका धर्म पाळता, तर तो धर्म तुमचं रक्षण का करत नाही? युधिष्ठिराचं उत्तर प्रसिद्ध आहे. मी फळासाठी धर्म करत नाही, द्यायचं असतं म्हणून देतो: ‘ददामि देयमित्येव’. धर्माचा व्यापार करणारा हलका, असंही तो म्हणतो.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि बोधकथा संपवतात. खरी गंमत पुढे आहे.

भीम येतो आणि हिशेब मांडतो. आपण तेरा महिने वनात काढलेत. श्रुतीत महिन्याला वर्ष मानतात, सोम मिळाला नाही तर यज्ञात पूतिका ही वनस्पती चालते. तर हेच तेरा महिने तेरा वर्षांच्या जागी धरा आणि चला हस्तिनापूरला. युक्तिवाद शास्त्राला धरून आहे, आणि भुकेल्या, अपमानित भावाच्या तोंडून आलाय. आता युधिष्ठिर काय करतो ते बघा. याच्या थोडं आधी तो म्हणून बसलाय की अमरत्व आणि जीव यांच्याहून मी धर्म निवडतो. पण या हिशेबाला तो शास्त्राने उत्तर देत नाही. सुस्कारा टाकतो, थोडा वेळ विचार करतो आणि मग समोरचे योद्धे मोजायला लागतो: भीष्म, द्रोण, अश्वत्थामा, भूरिश्रवा, आणि शेवटी कर्ण. त्या सूतपुत्राचं हस्तलाघव आठवून मला झोप लागत नाही, असं तो भीमाला सांगतो.

आमच्या वाचन मंडळात हा भाग आला तेव्हा एक निवृत्त तलाठी म्हणाले, ‘म्हणजे शब्द पाळायचा होता की भीती होती?’ मी ‘दोन्ही’ म्हणालो आणि आजही तेच म्हणेन. कोरडी बखर असती तर तिथे निर्णय आणि तारीख एवढंच मिळालं असतं. नुसता उपदेश असता तर युधिष्ठिर फक्त सत्यवचनी दिसला असता. कवीने त्याची प्रतिज्ञाही दाखवली आणि उडालेली झोपही. आपल्यापैकी कोणाचंही कर्तव्य असंच असतं, तत्त्व आणि धास्ती एकाच घोंगडीखाली.

पुढे अर्जुन अस्त्रांसाठी गेल्यावर बृहदश्व ऋषी येतात. युधिष्ठिर विचारतो, माझ्यासारखा दुर्दैवी राजा कधी कोणी होता का? ऋषी त्याला नलाची गोष्ट सांगतात: द्यूतात राज्य गेलं, वनात भटकला, बायकोपासून ताटातूट झाली. नंतर जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेण्याचा प्रयत्न केल्यावर मार्कंडेय त्याला रामाची कथा सांगतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. वनवासातल्या माणसाला वनवासाची गोष्ट सांगितली जाते, ती राम कोणत्या साली होता हे कळावं म्हणून नव्हे, तर संकटात वागायचं कसं हे कळावं म्हणून. ग्रंथ आपल्याच पानांवर दाखवतो की अशा कथा कशा ऐकायच्या.

आता हिशेबाचं दुसरं टोक, विराटपर्व. अज्ञातवासाच्या शेवटी कौरव विराटाच्या गाई पळवतात. शमीच्या झाडावरून शस्त्रं काढून अर्जुन समोर येतो. दुर्योधन खूश, कारण मुदत संपायच्या आत ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वन. तेव्हा भीष्म कालगणना मांडतात: दर पाच वर्षांत दोन महिने जास्त येतात (आपला धोंड्याचा महिना तो हाच), म्हणून तेरा वर्षांत पाच महिने बारा रात्री जास्त होतात. हे अधिक महिने मोजणीत धरले, तर मुदत आधीच पूर्ण झाली. गंमत अशी की पाच वर्षांत दोन महिने हा दर लावला तर ५ महिने ६ दिवस येतात, बारा रात्री नाहीत.

या सहा दिवसांच्या फरकावरून कालगणनेचा अभ्यास जरूर करावा. मी तो कमी लेखत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती काढली, आणि त्यातलं आरण्यकपर्व, म्हणजे हेच वनपर्व, मुख्य संपादक सुकथनकरांनी स्वतः संपादित केलं. पण त्या कामाने सर्वात जुना पाठ कोणता असावा हे कळतं, घटना घडली का ते नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि ‘संशोधनाने सिद्ध झालं’ असं सांगत सुटतात. असं कोणी म्हणालं की विचारा, पाठ सिद्ध झाला की प्रसंग?

आणि समजा उद्या एखाद्या ज्योतिर्गणितज्ञाने ते सहा दिवसही जुळवून दिले. मग? भीमाचा हिशेब आणि भीष्मांचा हिशेब शेजारी ठेवून बघा. एक जण मुदत लवकर संपवण्यासाठी महिने वर्षांवर चढवतो, दुसरा मुदत भरली की नाही हे प्रामाणिकपणे तपासतो. आकडे दोघेही शास्त्रातलेच घेतात. फरक कशात आहे, हे श्रोत्याने ओळखायचं.

तेच या वाचनाचं काम, आणि त्याला मर्यादाही आहे. ‘युधिष्ठिराने शब्द पाळला, तुम्हीही पाळा’ एवढंच काढलंत तर विराटाच्या घरी कीचकाने द्रौपदीला लाथ मारली ते पान तुम्ही गाळलंत. त्या शब्दाची किंमत तिनेही मोजली, आणि कवी ते लपवत नाही. रामायणातही वडिलांचा शब्द पाळणाऱ्या रामाशी लक्ष्मण भांडतोच की.

भीष्मांची गणना ऐकून दुर्योधन काय म्हणाला? गणित चुकलं असं नाही म्हणाला. ‘आजोबा, मी पांडवांना राज्य देणार नाही,’ एवढंच म्हणाला, आणि लढाईची व्यूहरचना करायला सांगितलं.