काठावरचा शिक्षक डोळ्यांसमोर ठेव

स्नेहल, रत्नागिरीच्या बैठकीत तू पहिल्यांदाच पॅनेलवर बसणार आहेस, म्हणून सांगते. शिक्षकांच्या परीक्षेत पास व्हायला किती गुण लागतील ते ठरवायच्या अँगॉफ पद्धतीत प्रत्येक प्रश्नाला एकच विचारायचं: जेमतेम पात्र असे 100 उमेदवार बसले, तर किती जण बरोबर उत्तर देतील? ‘द्यायला हवं’ नव्हे, ‘देतील’. सगळी घसरण इथेच होते.

म्हणून आधी तासभर त्या काठावरच्या शिक्षकाचं वर्णन लिहून काढा. खाडीपलीकडच्या वाडीत दोन इयत्ता एकत्र शिकवणारा; हातच्याच्या वजाबाकीत मुलाचं काय चुकलं ते ओळखतो, पण उपाय दरवेळी सुचतोच असं नाही.

आमच्या एका बैठकीत 60 प्रश्नांवर पाच जणांच्या अंदाजांच्या बेरजा 100 ने भागून आल्या 33, 35, 34, 36 आणि 47. सरासरी 37. सत्तेचाळीसवाले गुरुजी आपल्या शाळेतला हुशार शिक्षक धरून बसले होते! त्यांना वगळायचं नाही. चर्चा करायची, प्रश्नांचे प्रत्यक्ष निकाल दाखवायचे आणि दुसरी फेरी घ्यायची. ते 38 वर आले, बाकीचे ठाम राहिले, सरासरी 35.2 झाली. आता 35 की 36? पूर्णांकाचा नियम आधीच ठरवून ठेव, नाहीतर निकाल बघून ठरवल्याचा वास येतो.

आणि चार पर्यायांच्या प्रश्नाला कुणी 10 लिहिलं तर विचार. नुसत्या अंदाजानेही 25 च्या आसपास बरोबर येतात. पर्याय फसवा असेल तरच त्याखाली जाणं पटतं.