स्कॅन पानाच्या मजकुरातल्या तुटलेल्या ओळी

पुस्तकाच्या पानाच्या स्क्रीनशॉटमधून मजकूर काढला, पण प्रत्येक ओळ तुटलीय आणि शब्दांत मध्येच '-' आलाय. कसं नीट करू?

आधी ओळीच्या शेवटचे '-' बघा, ओळी नंतर जोडा. उलट केलंत तर 'विद्या-' आणि 'पीठ'चं 'विद्या- पीठ' होऊन बसतं. एडिटरमध्ये रेजेक्स, म्हणजे नमुन्यावरून शोधायची सोय, चालू करून याच क्रमाने शोधा:

```
-[ ]*\r?\n
([^\r\n])\r?\n(?=[^\r\n])
```

पहिल्याच्या जागी काहीच नको, दुसऱ्याच्या जागी `$1` आणि एक स्पेस. रिकाम्या ओळीने वेगळे झालेले परिच्छेद शाबूत राहतात.

पहिला नमुना बदलताना 'सगळे बदला' मात्र दाबू नका. 'आई-' खाली 'वडील' असेल, तर तो '-' मुळातला असू शकतो. तोच शब्द ओळीच्या मधोमध कुठे आलाय ते शोधा. तिथे जसा छापलाय तसाच ठेवा. '-' ठेवायचा असेल, तर ती ओळ तिथेच हाताने पुढच्या ओळीला जोडा, नाहीतर दुसऱ्या नमुन्याने 'आई- वडील' होईल.