हापूसचे नाव आणि आंब्याचा खोका: ट्रेडमार्क कुठे थांबतो

प्रश्न: देवगडला आमची हापूसची बाग आहे. बागेच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलेला आहे. यंदा आंबा पाठवायला नव्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका बनवून घेतला आहे. ट्रेडमार्क असताना भौगोलिक मानांकन आणि डिझाइन नोंदणी वेगळी कशाला? की खोक्याचे सरळ पेटंटच घ्यावे?

उत्तर: या खोक्याचा फोटो आपण फेसबुकवर किंवा ग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर अजून टाकला नसेल, तर आधी तो टाकणे थांबवा, कारण डिझाइन नोंदणीचा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे, ती म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत ते रूप भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेले नसावे. मी कोकणातल्या बागायतदारांची आणि लहान उद्योजकांची अशा नोंदण्यांची कागदपत्रे तयार करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण हंगाम संपल्यावर, खोका चांगला खपला आणि शेजारच्या गावात त्याची नक्कल दिसली म्हणजे येतात, आणि तेव्हा फार काही करता येत नाही.

आपण खोक्याचे वर्णन दिलेले नाही, म्हणून एक रूप धरून चालतो. समजा तो दोन डझनांचा षटकोनी खोका आहे, त्याच्या बाजूंना आंब्याच्या पानाच्या आकाराची हवेची भोके आहेत आणि एकावर एक रचताना खोके सरकू नयेत म्हणून झाकणात खाच आहे. आपला ट्रेडमार्क या खोक्यावर छापलेल्या नावाचे रक्षण करतो. कोणी हुबेहूब असाच खोका बनवून त्यावर स्वतःचे नाव छापले, तर नावाचा ट्रेडमार्क त्याला अडवू शकत नाही. आकाराचाही ट्रेडमार्क मिळू शकतो हे खरे, पण तो आकार पाहताच ग्राहकाला आपलीच बाग आठवते हे दाखवावे लागते, आणि पहिल्या हंगामात ते कोणालाच दाखवता येत नाही.

पेटंट कार्यपद्धतीला मिळते, दिसण्याला नाही. भोकांमुळे हवा खेळते आणि खाचेमुळे खोके सरकत नाहीत, या दोन्ही गोष्टी पुठ्ठ्याच्या खोक्यांत पूर्वीपासून आहेत. त्यामुळे पेटंटचा खर्च आणि वर्षानुवर्षांची वाट पाहणे आपल्या कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले ते रूप, आणि तेवढ्याचेच संरक्षण डिझाइन कायदा, 2000 करतो: वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी, रेषांची किंवा रंगांची मांडणी, जे नुसत्या डोळ्यांनी पारखता येते ते. आपल्या खोक्यात षटकोनी ठेवण आणि पानाच्या आकाराच्या भोकांची मांडणी यांवर हक्क मागता येईल. हवेसाठी भोके असावीत या कल्पनेवर किंवा झाकणाच्या खाचेच्या युक्तीवर तो मागता येणार नाही, आणि यांत्रिक क्रियेवर व खोक्यावरच्या अक्षरांवर आपला दावा नाही असे अर्जातच लिहून द्यावे लागते. म्हणजे उद्या कोणी गोल भोकांचा चौकोनी खोका काढून त्याला हीच खाच दिली, तर तक्रारीला जागा नाही.

अर्ज नमुना 1 मध्ये, खोके व डबे यांच्या 09-03 या वर्गात करायचा. सोबत खोक्याची समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि तिरक्या कोनातून अशी सात चित्रे द्यायची. एका व्यक्तीने अर्ज केल्यास सरकारी शुल्क 1000 रुपये आहे. संरक्षण 10 वर्षांचे असते आणि पुढे एकदाच 5 वर्षे वाढते. त्यानंतर ते रूप सर्वांना खुले होते.

या नोंदणीची कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. कायद्यातली ठरावीक भरपाई प्रत्येक उल्लंघनामागे 25,000 रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनसाठी एकूण 50,000 रुपयांपर्यंतच आहे. त्याऐवजी नुकसानभरपाईचा आणि मनाईहुकुमाचा दावा लावता येतो. दावा लावला की समोरचा माणूस पहिल्यांदा जुने फोटो शोधतो. अर्जाच्या तारखेआधीचा आपलाच एखादा फोटो त्याला सापडला, तर नोंदणी रद्द होऊ शकते. चित्रावर कॉपीराइट आहेच, मग नोंदणी कशाला, असेही काही जण विचारतात. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि त्याच्या 50 हून अधिक प्रती उद्योगात काढल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो, आणि इतके खोके तर आपण एका दिवसात भराल.

भौगोलिक मानांकनाची गोष्ट बरोबर उलटी आहे. तिथे नवेपणा चालत नाही. मालाचा दर्जा, कीर्ती किंवा वैशिष्ट्य त्या भूभागाशी बांधलेले आहे हे जुन्या पुराव्यांनी सिद्ध करावे लागते. ‘हापूस’ला हे मानांकन 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मिळाले. ते कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. उत्पादकांच्या संस्थांच्या नावावर ते नोंदले जाते, आणि ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही की परवान्याने दुसऱ्याला देताही येत नाही. ट्रेडमार्क असा विकता येतो, म्हणूनच गावाचे नाव एका व्यापाऱ्याच्या हाती ट्रेडमार्क म्हणून जाऊ नये याची काळजी कायद्याने घेतली आहे.

याचा अर्थ असा की मानांकन आपल्याला शेजारच्या बागायतदारापासून वाचवणार नाही, कारण त्याचाही हापूस तितकाच हापूस आहे. कर्नाटकात कोणी हापूसची कलमे लावली तर तेही ते थांबवू शकत नाही. ते थांबवते तो प्रकार वेगळा आहे, आणि बाजारात तो दर हंगामात दिसतो: बाहेरचा आंबा आणून, कोकणातल्या पेटीत भरून, वर ‘देवगड’ छापून विकणे. अशा खोट्या वापराला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. आपला ट्रेडमार्क इथे निरुपयोगी आहे, कारण त्या पेटीवर आपल्या बागेचे नावच नसते.

पण पाच जिल्ह्यांत बाग आहे म्हणून हा हक्क आपोआप मिळत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. त्यासाठी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. नोंद झाली म्हणजे मानांकनाचे नाव वापरण्याचा हक्क मिळतो आणि गैरवापर करणाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागता येते. नोंद नसेल तर संस्थेकडे तक्रार करून वाट पाहावी लागते. अर्ज मानांकनधारक संस्थेमार्फत केला तर सोपे जाते, आणि आंब्याची नोंद असलेला सातबारा हाताशी ठेवावा. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल, जसे आपल्याकडे सर्रास असते, तर वारस नोंदीचे काम आधी हाती घ्या, कारण वेळ तिथेच जातो.

खोक्याबाबत एक गोष्ट उरली. आराखडा खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या माणसाने काढला असेल, तर तो आपण मोबदला देऊन आपल्यासाठी काढून घेतला आहे आणि त्याची मालकी आपली आहे, असे त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या. त्याच कागदावर, अर्ज दाखल होईपर्यंत नमुना इतर कोणाला दाखवणार नाही, हेही लिहून घ्या. विश्वासाने दाखवलेला नमुना कायदा जाहीर झाला असे मानत नाही, पण तो विश्वासाने दाखवला होता हे सिद्ध करायला असा कागद असलेला बरा. हे झाले की चित्रे काढून अर्ज दाखल करा, आणि पहिली पेटी त्यानंतरच मुंबईला रवाना करा.