खुंट्या, हद्द आणि सेंटिमीटर: प्रश्नोत्तरे

मोबाइल ३ मीटर अचूकता दाखवतो. त्यावरून प्लॉटची खुंटी ठोकली तर चालेल का? (घणसोली)

नाही. अँड्रॉइडवर दिसणारा हा आकडा सुमारे ६८ टक्के खात्रीचा असतो, म्हणजे खरी जागा त्या वर्तुळाबाहेरही असू शकते.

अ‍ॅप विकणारा म्हणतो की दहा मिनिटे सरासरी घेतली की सेंटिमीटर मिळतो. खरे का? (कळवा)

विक्रीचे बोलणे आहे. इमारतींवरून परावर्तित होऊन आलेल्या संदेशांची चूक एकाच दिशेला खेचते, त्यामुळे दहा मिनिटांत सरासरीने ती नाहीशी होत नाही.

आरटीके या उपग्रह-मोजणीने चारही खुंट्या मारून दिल्या. यंत्रावर ‘फिक्स्ड’ आणि १.५ सेंमी दिसत होते. मग शंका कशाची घ्यायची? (मुरबाड)

शंका घेतलीच पाहिजे, कारण तो दीड सेंटिमीटर बेस या स्थिर यंत्रापासून रोव्हर या बिंदूंवर फिरवायच्या यंत्रापर्यंतच्या अंतराबद्दल आहे. बेस स्वतः कुठे उभा आहे याची हमी त्यात नसते. बेस एका जागी स्थिर राहून उपग्रहांच्या संदेशलहरी मोजतो आणि रोव्हर त्याच लहरींशी स्वतःचे मोजमाप ताडून पाहतो. दोघांमधील फरकात पूर्ण लहरींची संख्या नक्की ठरली की ‘फिक्स्ड’ दिसते, ठरली नाही तर ‘फ्लोट’. आणि फ्लोटवर हद्दीची खुंटी मारूच नये.

पण बेसला ज्ञात निर्देशांक न देता ‘आहे तिथेच धर’ असे सांगितले, तर तो स्वतःच्या साध्या जीपीएसने जागा ठरवतो आणि मीटर-दोन मीटर चुकतो. मुरबाडजवळच्या ११ गुंठ्यांच्या एका प्लॉटवर मी हेच पाहिले. टेपने खुंट्यांमधील अंतरे सेंटिमीटरपर्यंत जुळली, म्हणून मालक निर्धास्त होते. मोजणीत निर्देशांक नोंदलेल्या शेजारच्या दगडावर रोव्हर धरला, तेव्हा तो नोंदीपेक्षा १.६ मीटर दक्षिणेला आला. चारही खुंट्या एकत्रच सरकल्या होत्या, म्हणून टेपला त्यात काही सापडणारच नव्हते. ४० मीटर लांबीच्या बाजूवर ही पट्टी ६४ चौरस मीटर होते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त.

म्हणून काम करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: बेसचे निर्देशांक कोठून घेतले आणि कोणत्या ज्ञात खुणेवर तपासले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस या कायम स्थिर केंद्रांवरून दुरुस्ती घेतली असेल तर बेसची ही चूक टळते, तरी खुणेवरची तपासणी टाळू नये. तासाभराने रोव्हरचे ‘फिक्स्ड’ नव्याने मिळवून तेच बिंदू पुन्हा मोजायला लावा, कारण लहरींची संख्या चुकीची ठरली असेल तर बदललेल्या उपग्रहरचनेत ती फरकाने उघडी पडते. कुंपणाचे काम मात्र त्याआधी सुरू करू नका. आधी चूक शोधणे सोपे असते, भिंत उभी राहिल्यावर वाद उभा राहतो.

शेजारी म्हणतात, डीजीपीएस केले म्हणजे झाले. पुरे का? (डोंबिवली)

आपल्याकडे हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. लहरी न मोजता केवळ दुरुस्त्या घेणारे डीजीपीएस साधारण अर्धा ते एक मीटर चुकते. लहरी मोजणारे काम सेंटिमीटरचे असते. कोणते केले ते लेखी घ्या.

मग या खुंट्या कायद्याने माझी हद्द झाल्या का? (शहापूर)

नाही. खासगी खुंट्यांवर वाद निकालात निघत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या आणि खुणा शेजाऱ्यांसमक्ष दाखवून घ्या. शेजाऱ्याची हरकत असेल तर आधी वकिलांशी बोला.