हार्ड डिस्क लावली की ब्लूटूथ माउस अडखळतो, हेडसेटचा आवाज तुटतो

प्रश्न : लॅपटॉपच्या डाव्या बाजूला छोटा हब आणि त्यावर एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते. कॉपी सुरू केली की माउसचा बाण उड्या मारतो आणि हेडसेटमध्ये आवाज तुटत राहतो. डिस्क काढली की सगळं लगेच ठीक. ड्रायव्हर अपडेट केले, माउसची बॅटरी बदलली, काही फरक नाही. लॅपटॉपचं ब्लूटूथ खराब झालंय का?

उत्तर :

नाही, ब्लूटूथ खराब झालेलं नाही. डिस्क काढल्याक्षणी सगळं सुरळीत होतं, यातच उत्तर आहे. हा रेडिओ गोंगाटाचा प्रकार आहे आणि ड्रायव्हर कितीही बदलले तरी तो जाणार नाही.

तुमची डिस्क यूएसबी ३ वर चालते. तिथे डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने तारेतून जातो. इतक्या वेगाने बदलणाऱ्या सिग्नलची ऊर्जा एका ठिकाणी न राहता खालपासून ५ गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरते आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका त्याच्या मधोमध येतो. ब्लूटूथ चालतं २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३ ची डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट, वाढला होता. हा गोंगाट लॅपटॉपच्या पोर्टमधून, केबलमधून आणि डिस्कच्या स्वतःच्या डबीतूनही बाहेर पडतो.

ब्लूटूथ सतत चॅनेल बदलतं आणि खराब चॅनेल टाळतं, मग ते यातून वाट का काढत नाही? वाय-फायचा त्रास असेल तर काढतं, कारण वाय-फाय पट्ट्याचा एक तुकडाच व्यापतं. इथे गोंगाट सगळ्या पट्ट्यावर अंथरलेला असतो. उडी मारून जायला स्वच्छ चॅनेलच उरत नाही.

यात कान बंद होतात ते लॅपटॉपचे. हेडसेट डिस्कपासून लांब, तुमच्या डोक्यावर असतो, त्यामुळे लॅपटॉपचं बोलणं त्याला बऱ्यापैकी ऐकू येतं. उलट दिशेने येणारा क्षीण सिग्नल मात्र लॅपटॉपच्या अँटेनापाशी गोंगाटात बुडतो. माउसची हालचाल याच दिशेने येते म्हणून बाण उड्या मारतो. गाणं ऐकताना हेडसेटने पाठवलेली ‘पोचलं’ ही पावती हरवते, लॅपटॉप तेच पॅकेट पुन्हा पाठवत बसतो आणि तेवढ्यात हेडसेटमधला साठा संपतो. कॉलवर असाल तर याची खूण आणखी स्पष्ट दिसते : तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येतं, पण ‘तुझा आवाज तुटतोय’ अशी तक्रार समोरून आधी येते.

आता खात्री करून घ्या, कारण लक्षणं अशीच दिसणारी दुसरी कारणंही असू शकतात. सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे तीच डिस्क, त्याच जागी, फक्त यूएसबी २ वर चालवायची. डिस्कला ते रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी सॉकेट असेल तर त्याच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते. डिस्कला टाइप-सी असेल तर फोन चार्जिंगच्या बऱ्याच केबल आतून यूएसबी २ च्याच असतात, त्यातली एखादी घ्या. वेग खरंच उतरला का ते लिनक्सवर असं दिसतं :

```
lsusb -t
```

डिस्कच्या ओळीच्या शेवटी `5000M` असेल तर यूएसबी ३, `480M` असेल तर यूएसबी २. विंडोजवर कॉपीचा वेग बघितला तरी पुरे, यूएसबी २ वर तो साधारण ४० मेगाबाइट प्रतिसेकंदाच्या वर जात नाही. आता मोठी फाइल कॉपीला लावा आणि माउस फिरवा. बाण गुळगुळीत फिरला तर निदान पक्कं. ४८० मेगाबिटच्या यूएसबी २ चा २.४ गिगाहर्ट्झमध्ये असा उपद्रव होत नाही. तरीही अडखळला तर कारण वेगळं आहे, मग वाय-फाय बंद करून बघा. वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात, आणि २.४ च्या वाय-फायवर मोठं डाउनलोड चालू असेल तर दोघांची ओढाताण होते.

एक लक्षात ठेवा : कॉपी चालू नसतानाही यूएसबी ३ ची जोडणी जागी असेल तर तारेवर काही ना काही सतत वाहत असतं. म्हणून ‘डिस्क नुसती लावली तरी त्रास होतो’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं ठरवू नका.

उपायांत पहिला क्रम अंतराचा. लॅपटॉपचा अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेत किंवा बिजागरीजवळच्या प्लास्टिक पट्टीत असतो. माझ्या एका सहकाऱ्याने टेबल मोकळं राहावं म्हणून एसएसडी स्क्रीनच्या मागे, वरच्या कोपऱ्यात वेल्क्रोने चिकटवली होती. कॉपी सुरू झाली की त्याचा माउस जवळजवळ मरायचा. आम्ही तीच एसएसडी, तीच केबल, तेच पोर्ट ठेवून ती फक्त खाली उतरवली आणि केबल पुरेल तितकी लांब सरकवली. माउस तिथल्या तिथे सुधारला. हेडसेट अधूनमधून तुटत राहिला, कारण पोर्टमधला गोंगाट जागीच होता. उजव्या बाजूच्या, बिजागरीपासून दूरच्या पोर्टवर गेल्यावर तोही थांबला.

तुमचा हब बोटभर केबलचा असेल तर तो लॅपटॉपला चिकटूनच बसणार. त्याऐवजी साधारण मीटरभर केबलचा, धातूच्या आवरणाचा हब घ्या आणि डिस्क त्याच्याही पलीकडे ठेवा. केबल चांगल्या शिल्डची हवी, स्वस्त केबल स्वतःच अँटेनासारखी वागते. टाइप-सीची एक्स्टेंशन वायर मात्र घेऊ नका. ती मानकात बसत नाही आणि कॉपी चालू असताना डिस्क सुटण्याचा धोका असतो.

लॅपटॉपला दूरचं पोर्टच नसेल तर अँटेनालाच दूर न्या. छोटा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि मीटर-दीड मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेंशन वायरवर तो माउसजवळ ठेवा. एक्स्टेंशन टाळून डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये खोचलात तर आहे त्यापेक्षा वाईट होईल. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं ब्लूटूथ डिसेबल करा, नाहीतर दोन अडॅप्टरचा गोंधळ होतो. माउस आणि हेडसेट नव्याने पेअर करावे लागतील. यूएसबी रिसीव्हर असलेले वायरलेस माउसही बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे ‘ब्लूटूथ नको, रिसीव्हरवाला घेतो’ याने सुटका होत नाही. त्या रिसीव्हरलाही हीच एक्स्टेंशन लागते.

प्लगभोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायचा सल्ला मिळेल. कधी थोडा फरक पडतो, पण फॉइल प्लगच्या धातूला नीट टेकलं नाही तर उपयोग शून्य, आणि आत सरकलं तर पोर्ट शॉर्ट होऊ शकतं. मी करत नाही.

वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. यूएसबीचा गोंगाट त्याने कमी होणार नाही, पण ब्लूटूथवरचा दुसरा भार उतरेल.

आधी केबल बदलून चाचणी करा आणि काय झालं ते इथेच लिहा. सोबत डिस्कचं सॉकेट कुठलं आहे आणि उजव्या बाजूला कोणती पोर्ट आहेत तेही सांगा, म्हणजे हब बदलायचा की डोंगल घ्यायचा ते ठरवता येईल.