नव्या आशाताईसाठी: ऑक्सिमीटरचा आकडा कधी मानायचा

ताई, बोटाला लावायच्या चिमट्यावर, म्हणजे ऑक्सिमीटरवर, रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के बघून घाबरलात, साहजिक आहे. माझंही पहिल्या हिवाळ्यात असंच झालं होतं. परभणीकडची डिसेंबरची पहाट, आजीबाई नुकत्याच भांडी घासून आलेल्या, बोटं बर्फासारखी. यंत्रावर ऑक्सिजन ८४, नाडी ५२. मनगटावर पूर्ण मिनिट मोजली तर नाडी ८८! म्हणजे यंत्राला ठोकाच सापडत नव्हता. हात चोळून, गोधडीत ऊब देऊन पुन्हा लावलं, तर ९७.

कारण सोपं आहे. चिमटा बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, इन्फ्रारेड जास्त. ऑक्सिजन नसलेलं याच्या उलट. यंत्र फक्त ठोक्यासोबत बदलणारा प्रकाश धरतं. गार बोटात ठोका क्षीण, मग हिशेब चुकतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- बोट गरम, हात स्थिर, नखावर गडद नेलपॉलिश नको.
- आकडा अर्धा मिनिट स्थिरावू द्या.
- यंत्राची नाडी मनगटाशी जुळली नाही, तर ऑक्सिजनचा आकडा लिहूच नका.

उलटा धोका मात्र जास्त वाईट. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाचं डोकं दुखतंय, उलट्या होतायत, आणि यंत्र ९८ दाखवतंय. तिथं विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. आधी माणूस बाहेर मोकळ्या हवेत, मग लगेच १०८.

आणि धाप लागलेली दिसत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, दवाखान्यात पाठवा.