एकूण ओळीतील शंभर टक्के: भागाकाराने नव्हे, बेरजेने

प्रश्न: एक्सेलमधील विक्रीच्या तक्त्यात खाली एकूण बेरजेची ओळ आणि शेजारी ‘एकूणच्या किती टक्के’ असा रकाना हवा आहे. पहिल्या ओळीत टक्केवारी बरोबर येते, पण सूत्र खाली ओढले की सगळीकडे #DIV/0! दिसते. काय चुकते आहे?

उत्तर:

चूक डॉलरच्या चिन्हाची आहे. समजा विक्रीचे आकडे B2 ते B7 मध्ये आहेत आणि बेरीज B8 मध्ये. तुम्ही C2 मध्ये `=B2/B8` लिहिले असणार. ते खाली ओढल्यावर C3 मध्ये `=B3/B9` होते, B9 रिकामा असतो आणि रिकाम्या सेलने भागणे म्हणजे शून्याने भागणे. सूत्र लिहिताना B8 वर असतानाच F4 दोनदा दाबून B$8 करा आणि तो पत्ता खिळवून ठेवा, मग खाली ओढा.

```
B8:  =SUM(B2:B7)
C2:  =B2/B$8
```

C रकान्याला टक्केवारीचे स्वरूप द्या. शंभरने वेगळे गुणू नका, नाहीतर २१ टक्क्यांच्या जागी २१०० टक्के दिसतील.

तुमची अडचण एवढ्याने सुटेल. पण याच्या पुढची जी एक सेल आहे, म्हणजे C8, टक्केवारीच्या रकान्यातील एकूण ओळीची सेल, तिच्यात काय लिहावे यावरून माझा एका वरिष्ठ सहकाऱ्याशी दीर्घकाळ वाद झालेला आहे आणि माझे मत अजिबात बदललेले नाही. बहुतेक जण C2 चे सूत्र C7 वर न थांबता C8 पर्यंत ओढतात. तिथे `=B8/B$8` होते, १००.० टक्के दिसतात आणि तक्ता पूर्ण झाल्यासारखा वाटतो. हे करू नये. C8 मध्ये वरच्या टक्केवारीची बेरीजच हवी:

```
C8:  =SUM(C2:C7)
```

कारण सांगण्यासाठी मला एका मासिक आढाव्याची हकीकत सांगावी लागेल. तक्ता मी तयार केला होता, सहा उत्पादनांचा, सहा ओळींचा. आकडे निरनिराळ्या सहकाऱ्यांनी आपापल्या सेलमध्ये भरले होते: ४२,०००, ३१,०००, १८,०००, २५,०००, ५४,००० आणि ३०,०००. खाली बेरीज होती १,७५,००० आणि टक्केवारीचा रकाना वरून खाली असा होता: २४.०, १७.७, १०.३, १४.३, ३०.९, १७.१ आणि एकूण ओळीत १००.०. C8 पर्यंत सूत्र ओढण्याची सूचना त्या वरिष्ठांची होती. सगळ्या रकान्यात एकच सूत्र असले म्हणजे तक्ता एकसारखा राहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

छापील प्रत हातात घेऊन चर्चा सुरू झाली. पाचव्या उत्पादनाचा वाटा जवळजवळ ३१ टक्क्यांवर गेला, म्हणजे एका उत्पादनावर आपण फारच अवलंबून आहोत, असा सूर लागला. तेवढ्यात एका सहकारी बाईंनी कागदाच्या समासात पेन्सिलीने टक्केवारीची उभी बेरीज केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. समासात लिहिले होते ११४.३. त्याच्याच शेजारी, माझ्या तक्त्यात, ठळक अक्षरांत १००.० छापलेले होते. त्या दोन आकड्यांकडे एकाच वेळी पाहताना मला जे वाटले ते मी विसरलेली नाही. बेरीज तपासणारी म्हणून जी सेल मी ठेवली होती, ती काहीच तपासत नव्हती. B8 ला B8 ने भागले तर उत्तर एकच येणार, मग B8 मध्ये काहीही असो.

दोष कुठे होता ते नंतर सापडले. B5 मधील २५,००० हा आकडा दिसायला आकडा होता, पण शीटच्या लेखी तो मजकूर होता, कारण भरण्यापूर्वी त्या सेलचे स्वरूप Text असे ठेवलेले होते. मजकूर एरवी सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे, त्यामुळे नजर सरावलेली असेल तर लगेच कळते. पण आमचा रकाना नीटनेटका दिसावा म्हणून मध्यभागी आणलेला होता आणि ती खूण पुसली गेली होती. सेलच्या कोपऱ्यातील लहान हिरवा त्रिकोण होता, पण छापील कागदावर तो येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण गोंधळाचे मूळ तीच आहे. SUM ला सेलची पट्टी दिली की ती त्या पट्टीतील मजकूर मुकाट्याने वगळते, चूक दाखवत नाही. भागाकाराचे चिन्ह मात्र वेगळे वागते: मजकुराचा अर्थ संख्या म्हणून लागत असेल तर ते आधी त्याची संख्या करते आणि मग भागते. म्हणून B8 मध्ये २५,००० धरलेच गेले नाहीत, पण C5 मध्ये त्याच २५,००० ला १,७५,००० ने भागून १४.३ टक्के व्यवस्थित आले. अंशात आहे, छेदात नाही. खरी बेरीज २,००,००० होती आणि खरे वाटे २१, १५.५, ९, १२.५, २७ आणि १५ टक्के. पाचव्या उत्पादनाचा वाटा ३०.९ नव्हे, २७ होता. ज्या चर्चेत आम्ही इतका वेळ घालवला तिला तितका आधारच नव्हता.

अशी शंका आली की आकडे मोजावेत. `=COUNT(B2:B7)` फक्त संख्या मोजते. आमच्या सहा ओळींसाठी तिने ५ दाखवले. कोणती ओळ ते शोधायला बाजूच्या रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(B2)` लिहून खाली ओढले की जिथे FALSE येईल ती दोषी सेल. ती सापडल्यावर नुसते स्वरूप Number केले तर काही होत नाही, आत पडलेला मजकूर मजकूरच राहतो. हिरव्या त्रिकोणाच्या खुणेवरून Convert to Number निवडावे, किंवा स्वरूप बदलून तो आकडा पुन्हा भरावा. पूर्ण रकानाच तसा असेल तर तो निवडून Data मधील Text to Columns उघडावे आणि काही न बदलता Finish करावे.

वरिष्ठांचे यावर म्हणणे असे होते की दोष भरणाऱ्याचा आहे, C8 च्या सूत्राचा त्यात काय संबंध. संबंध आहे. मजकूर म्हणून भरलेला आकडा ही एकच वाट नाही. दुसरी वाट तुमच्याही तक्त्यात लवकरच येईल: सातवे उत्पादन आले म्हणून तुम्ही एकूण ओळीच्या अगदी वर एक ओळ घालाल. नवी ओळ B8 वर बसेल, बेरीज B9 वर सरकेल, पण SUM ची पट्टी B2:B7 च राहू शकते, कारण नवी ओळ पट्टीच्या आत नव्हे तर तिच्या शेवटानंतर घातली गेली. एक्सेल कधीकधी आकडा भरताच पट्टी स्वतःहून वाढवते, पण त्यावर विसंबू नये. टक्केवारीचे सूत्र मात्र नव्या ओळीतही चालेल, म्हणजे पुन्हा तेच, अंशात आहे आणि छेदात नाही. खाली `=B9/B$9` असेल तर ते निवांतपणे १०० सांगेल. टक्केवारीची बेरीज असेल आणि तिच्या पट्टीत नवी ओळ आलेली असेल, तर ती शंभराच्या वर जाईल आणि तुम्ही थांबाल.

इथे मला एक अडचण मान्य केली पाहिजे: SUM(C2:C7) ची पट्टीही त्याच कारणाने अपुरी राहू शकते. तसे झाले तर दोन्ही पट्ट्या नवी ओळ सोडतील, बेरीज १०० येईल आणि दोष लपेल. त्यावर मी वापरते तो उपाय साधा आहे. एकूण ओळीच्या वर एक अरुंद रिकामी ओळ ठेवते आणि दोन्ही SUM च्या पट्ट्या त्या रिकाम्या ओळीपर्यंत नेते. नवी ओळ नेहमी त्या रिकाम्या ओळीच्या वर घालायची, म्हणजे ती पट्टीच्या आत पडते आणि पट्टी आपोआप वाढते.

याहून सरळ मार्ग म्हणजे आकडे निवडून Ctrl+T ने त्याचे टेबल करणे. मग एकूण ओळ Ctrl+Shift+T ने येते, डॉलरची गरज उरत नाही आणि मधे ओळी वाढल्या तरी पट्टी आपोआप वाढते. विक्रीच्या रकान्याचे शीर्षक ‘विक्री’ असेल तर टक्केवारीचे सूत्र असे होईल:

```
=[@विक्री]/SUM([विक्री])
```

टेबलमध्ये एकूण ओळीच्या दोन्ही सेलमध्ये बाणावर टिचकी मारून Sum निवडा. तिथे एक्सेल SUM ऐवजी SUBTOTAL(109,…) लिहिते, म्हणजे गाळणी लावली की फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज येते. वरील आकड्यांत फक्त पहिले आणि पाचवे उत्पादन दिसेल अशी गाळणी लावली तर खाली ९६,००० आणि ४८ टक्के दिसेल. हे चूक नाही. सूत्रातील छेद सगळ्या विक्रीचा आहे, म्हणून निवडलेल्या दोघांचा एकूणातील वाटा तिथे दिसतो आणि तो उपयोगीच आहे. साध्या पट्टीवर मात्र B8 मध्ये SUBTOTAL लिहून C रकाना B$8 ने भागू नका, कारण गाळणी बदलली की छेद बदलतो आणि तीच टक्केवारी दर वेळी वेगळा अर्थ सांगू लागते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. छापलेल्या वाट्यांची हाताने बेरीज केल्यावर कधी ९९.९ किंवा १००.१ येते. ते निव्वळ दशांशापर्यंत गोलाई दाखवल्यामुळे होते, सेलच्या आत पूर्ण आकडा असतो आणि C8 तरीही १००.० दाखवते. म्हणून C रकान्यात ROUND घालू नका, नाहीतर तुमची तपासणीच ढिली होईल, आणि कोणाचा तरी ०.१ वाढवून शंभर जुळवणे तर मुळीच करू नका. दुसरे, कोणी आकडाच चुकीचा भरला, ४२,००० ऐवजी २४,००० लिहिले, तर C8 मधील बेरजेला ते कळणार नाही, ती १००च सांगेल. ही तपासणी फक्त अंश आणि छेद एकाच आकड्यांवरून निघाले आहेत ना एवढेच पाहते. आमच्या तक्त्यात नेमके तेच बिघडले होते, आणि B8 भागिले B8 ने ते कधीही दाखवले नसते.